पँडेमिकमध्ये एकच जण सगळ्यांचे डाव खेळत असेल तर काय करायचं

आमच्याकडे शनिवारी रात्री जेवणं झाली की पँडेमिक निघतो, म्हणजे शहरांवर क्यूबच्या रूपात पसरणारे रोग सगळ्यांनी मिळून आटोक्यात आणायचा बोर्डगेम. दादा, वहिनी, चौदा वर्षांचा भाचा आणि मी, असे चौघं. पहिले दोन-तीन महिने जे व्हायचं ते सांगते, म्हणजे तुमच्या घरात हेच चाललंय का ते लगेच कळेल. वहिनीची पाळी आली की ती बोर्डकडे बघायच्या आधी दादाकडे बघायची, दादा म्हणायचा "तू कराचीला जा, दोन क्यूब काढ, मग परत ये", आणि ती सोंगटी उचलून तेच करायची, कधी कधी तर सोंगटीही दादाच सरकवायचा. आम्ही बऱ्याचदा जिंकायचो. पण एकदा वहिनी सहज म्हणाली, "मी भांडी घासून घेते, माझं तूच खेळ ना, नाहीतरी तूच खेळतोयस." हे ती रागाने म्हणाली नव्हती आणि तेच मला जास्त लागलं.

सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेममध्ये असा एक जण असला की इंग्रजीत त्याला अल्फा प्लेअर म्हणतात. त्याला नुसतं "जरा गप्प बस" म्हणून काही होत नाही, आम्ही करून बघितलंय, दहा मिनिटं गप्प बसतो आणि मग पुन्हा सुरू. कारण हा फक्त स्वभावाचा प्रश्न नाही, गेमच्या रचनेतच त्याला जागा आहे, म्हणून आधी ती जागा कुठे आहे ते बघू.

पँडेमिक मॅट लीकॉकने केला, २००८ साली आला. त्यात चार रंगांचे रोग असतात, आणि त्या त्या रंगाचे शहरांचे पत्ते जमवून पत्ते संपायच्या आत चारही औषधं शोधली की सगळे जिंकतात. तुमच्या पाळीत चार ॲक्शन असतात, मग दोन पत्ते ओढायचे, मग इन्फेक्शनच्या गड्डीतून शहरं उघडून त्यांच्यावर क्यूब ठेवायचे. आता यात बघा, बोर्ड सगळ्यांना दिसतो, क्यूब सगळ्यांना दिसतात, हातातले पत्ते समोर उघडे ठेवले असतील तर तेही दिसतात, वेळेचं बंधन नाही आणि चार ॲक्शनचा हिशोब एका डोक्यात आरामात मावतो. म्हणजे हे चौघांनी मिळून सोडवायचं कोडं आहे खरं, पण ते एकट्यालाही सोडवता येतं. मग ज्याचं डोकं सगळ्यात आधी तिथे पोचतं तो उत्तर बोलून टाकतो आणि बाकीच्यांना विचार करायला काही उरतच नाही. तो उद्धट असेलच असं नाही, आमचा दादा तर अजिबात नाही, त्याला फक्त उत्तर आधी दिसतं आणि ते पोटात ठेवता येत नाही.

आधी मोजून बघा

नियम लावायच्या आधी एक गेम नेहमीसारखा खेळा आणि कागदावर खुणा करा. प्रत्येक पाळीत जी चाल शेवटी खेळली गेली ती सगळ्यात आधी कोणाच्या तोंडून निघाली एवढंच लिहायचं. चौघं खेळत असाल आणि गड्डीत चारच एपिडेमिक, म्हणजे रोग एकदम भडकवणारे पत्ते, असलेला सोपा गेम असेल तर साधा हिशोब आहे, शहरांचे ४८ आणि इव्हेंटचे ५ मिळून ५३ पत्ते, त्यातले सुरुवातीला प्रत्येकी दोन असे ८ वाटले की ४५ उरतात, त्यात ४ एपिडेमिक घातले की ४९. दर पाळीला दोन ओढायचे म्हणजे पूर्ण गेममध्ये फार तर २४ पाळ्या, माणशी सहा. हा सहाचा आकडा लक्षात ठेवा. वहिनीला आख्ख्या संध्याकाळच्या एका गेममध्ये सहाच वेळा खेळायला मिळणार आणि त्यातल्या पाच दादाने खेळल्या तर ती आली कशाला?

माझ्या कागदावर दादाच्या नावापुढे इतक्या खुणा झाल्या की मला भांडावंच लागलं नाही, कागद दाखवला आणि तो स्वतःच बराच वेळ बघत बसला. मात्र हे टेबलावर सगळ्यांसमोर करू नका. मी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी एकट्याला गाठलं. आणि "तू फार दादागिरी करतोस" असं न म्हणता घडलेली एक पाळी सांगितली, "काल वहिनीच्या तिसऱ्या पाळीत तिने तोंड उघडायच्या आधी तू तीन चाली सांगितल्यास." स्वभावावर बोललं की माणूस भांडतो, पण घडलेल्या गोष्टीवर काय भांडणार.

मांडतानाच अर्धं काम करून घ्या

पहिली गोष्ट म्हणजे एपिडेमिकचे पत्ते चारच ठेवा. पाच किंवा सहा घातले की गेम इतका घट्ट होतो की एक चूक म्हणजे हार, आणि अशा वेळी लोक आपणहून सगळ्यात हुशार माणसाच्या तोंडाकडे बघायला लागतात. त्याचं हुकूम सोडणं मग बरोबरच वाटायला लागतं. चुकीला जागा असेल तरच दुसरा कोणी स्वतःच्या डोक्याने खेळेल. सगळ्यांची सवय मोडली की मग वाढवा.

दुसरी गोष्ट, भूमिका, म्हणजे प्रत्येकाला मिळणारी खास ताकद. नियमाप्रमाणे त्या न बघता वाटायच्या असतात, पण तुम्ही ठरवून द्या. डिस्पॅचर दादाला देऊ नका, कारण त्या भूमिकेला दुसऱ्याची सोंगटी हलवता येते. मालकाची परवानगी घ्यायची असं त्यात आहेच, पण ज्याला आधीच सगळ्यांचं चालवायची सवय आहे त्याच्या हातात तुम्ही लायसन्स देताय. त्याला मेडिक द्या, त्याला स्वतःचं भरपूर काम असतं, या टोकाला धाव, त्या टोकाला धाव. आणि जो कमी बोलतो त्याला सायंटिस्ट किंवा रिसर्चर द्या. सायंटिस्टला औषध शोधायला एका रंगाचे पाचऐवजी चारच पत्ते लागतात, आणि रिसर्चर एकाच शहरात असलेल्या माणसाला आपल्या हातातला कुठलाही शहराचा पत्ता देऊ शकतो, बाकीच्यांना मात्र ज्या शहरात उभे आहात त्याच शहराचा पत्ता द्यावा लागतो. म्हणजे गेम जिंकायचा रस्ता या दोघांच्या हातातून जातो, आणि त्यांना विचारल्याशिवाय कोणाचंच पान हलत नाही.

तिसरी अगदी छोटी, पण आमच्याकडे सगळ्यात पटकन लागू पडली. इन्फेक्शनची गड्डी आणि क्यूबचे डबे दादाकडे दिले. पत्ता उघडायचा, शहर शोधायचं, क्यूब ठेवायचे, एपिडेमिक आला की पत्ते पिसायचे, हे सगळं त्याच्याकडे. हात कामात असले की ते दुसऱ्याच्या सोंगटीकडे जात नाहीत.

पाळीचे चार नियम

हे गेम सुरू व्हायच्या आधी मोठ्याने बोलून सगळ्यांकडून हो म्हणवून घ्या, मध्येच काढलेत तर ते एकाच माणसावर रोखल्यासारखे वाटतात.

पहिला, ज्याची सोंगटी त्याचाच हात. दुसऱ्याच्या सोंगटीला, पत्त्याला बोटही लावायचं नाही, "दाखवतो फक्त" म्हणूनसुद्धा नाही. एकदा सोंगटी दिल्लीत नेऊन ठेवली की ती परत उचलून वेगळं काही करायला नवीन माणसाला फार धीर लागतो.

दुसरा, पत्ते हातात धरायचे, समोर पसरायचे नाहीत. तुमच्या पाळीत तुम्ही कोणालाही विचारू शकता "काळे किती आहेत" आणि त्याने खरं सांगायचं, पण दुसऱ्याच्या पाळीत आपणहून कोणाचे पत्ते विचारायचे नाहीत. एवढ्याने कोडं एकट्याच्या डोक्यातून निघून चार हातांत वाटलं जातं. याची मर्यादाही सांगते, नुसता हाच नियम लावलात तर दर पाळीला सगळे आपापले पत्ते वाचून दाखवायला लागतात आणि तुम्ही पुन्हा होता तिथेच, शिवाय गेम लांबतो तो वेगळाच. म्हणून विचारायचा हक्क फक्त पाळीवाल्याला, हे महत्त्वाचं.

तिसरा, पाळीवाला आधी बोलणार. त्याने "मला वाटतं मी असं असं करावं" किंवा "मला सुचत नाहीये" यातलं काहीतरी म्हणेपर्यंत बाकीचे गप्प. त्याने मदत मागितलीच तर नाव घेऊन एकालाच विचारायचं. "सांगा कोणीतरी" म्हटलं की सांगणारा कोण असणार ते ठरलेलंच आहे.

चौथा माझा सगळ्यात आवडता. सल्ला देताना आज्ञार्थी क्रियापद बंद. जा, काढ, दे, थांब, काही नाही. बोर्डवर जे दिसतंय ते सांगता येईल, "कराचीवर तीन क्यूब आहेत", किंवा प्रश्न विचारता येईल, "तुला दिल्लीची भीती वाटते का कोलकात्याची?" ऐकायला शाळेतल्या व्याकरणासारखं वाटेल पण हा नियम पाळला गेलाय की नाही हे कोणालाही लगेच ऐकू येतं, त्यामुळे वाद होत नाही. "जरा कमी बोल" म्हटलं की कमी म्हणजे किती यावरच वाद सुरू. "जा" हा शब्द आला की आला. भाच्याला तर तो पकडायची इतकी मजा यायला लागली की दादा बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायला लागला, आणि तेवढ्या वेळात वहिनीची चाल ठरलेली असायची.

टायमरबद्दल बरेच जण सांगतात की प्रत्येक पाळीला दीड मिनिट लावा. आम्ही लावला आणि उलटंच झालं. घड्याळ पळायला लागलं की जो आधीच घाबरतो तो अजून घाबरतो आणि दादा काय म्हणतोय ते पटकन करून मोकळा होतो. टायमर लावायचाच असेल तर तो सल्ला देणाऱ्यांवर लावा, पाळीवाल्यावर नाही. म्हणजे मदत मागितली की मोबाईलवर तीस सेकंद, त्यात बोलायचं ते बोला, मग पुन्हा सगळे गप्प आणि पाळीवाल्याने हवा तेवढा वेळ घ्यावा.

एक पाळी जवळून

हे सगळं लागू केल्यावरचा तिसरा शनिवार असेल. माझ्या पाळीत पहिला एपिडेमिक निघाला, गड्डीच्या तळातून दिल्ली आली, तिथे एकदम तीन काळे क्यूब. मग टाकलेले पत्ते पिसून गड्डीवर ठेवले, म्हणजे दिल्लीचा पत्ता आता वरच्या थोड्याशा पत्त्यांत कुठेतरी होता. माझ्या पाळीतल्या दोन पत्त्यांत तो आला नाही. आता वहिनीची पाळी. तिच्या पाळीच्या शेवटी पुन्हा दोन पत्ते उघडणार, आणि दिल्ली निघाली तर चौथा क्यूब ठेवता येत नाही म्हणून आउटब्रेक, म्हणजे तेहरान, कराची, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता या पाचही शेजारी शहरांवर एकेक क्यूब.

वहिनी रिसर्चर होती आणि मुंबईत उभी होती. भाचा सायंटिस्ट, तोही मुंबईतच. दादा मेडिक, पण तिकडे लीमाला अडकलेला. त्याचा चेहरा दिसत होता मला, त्याच्याकडे उत्तर तयार होतं. वहिनीने पत्त्यांकडे बघितलं, बोर्डकडे बघितलं, बराच वेळ गेला. मग भाच्याला विचारलं, "तुझ्याकडे काळे किती रे?" तो म्हणाला दोन. तिच्याकडे तीन होते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मग ती बोटं मोजत म्हणाली, "मी याला दोन काळे देते, दोन ॲक्शन झाल्या. मग दिल्लीला जाते, तीन. तिथला एक क्यूब काढते, चार." आणि थांबली, आणि नेहमीसारखी दादाकडे बघायला लागली. दादा फक्त एवढंच म्हणाला, "दिल्लीवर दोन राहतील." ती म्हणाली, "राहू देत की, दिल्लीचा पत्ता एकच आहे ना गड्डीत? आला तर तीन होतील, फुटणार नाही."

बरोबर होतं. प्रत्येक शहराचा इन्फेक्शनचा पत्ता एकच असतो, त्यामुळे तिच्या पाळीत दिल्ली एकदाच येऊ शकत होती. आणि ती आलीच, दोनाचे तीन झाले, आउटब्रेक नाही. पुढची पाळी भाच्याची, हातात चार काळे. औषध रिसर्च स्टेशनवरच शोधता येतं, आणि आमचं कोलकात्यात होतं. मुंबईहून दिल्ली एक, तिथला एक क्यूब काढला दोन, कोलकाता तीन, औषध चार. एकही ॲक्शन वाया नाही.

दादाने नंतर सांगितलं की तो म्हणणार होता, दिल्लीला जा आणि तिन्ही क्यूब काढ. तीही चूक नव्हती, एक ॲक्शन जायला, तीन काढायला, दिल्ली साफ. पण पत्ते वहिनीच्याच हातात राहिले असते आणि काळं औषध निदान एक फेरी पुढे गेलं असतं. पूर्वीच्या पद्धतीत वहिनीने मुकाट्याने तेच केलं असतं, हातात तीन काळे धरून. अल्फा प्लेअरची चाल वाईट असते असं नाही, ती त्याला दिसणाऱ्या माहितीवरची सगळ्यात चांगली चाल असते. तो पहिला बोलला की न दिसणारी माहिती टेबलावर येतच नाही.

तो गेम आम्ही हरलो, लाल रंगाचं औषध व्हायच्या आत पत्ते संपले. आणि रात्री साडेअकराला वहिनी म्हणाली, "अजून एक लावूया का?"

कुठे घसरतं ते बघा

नियम मोडला जातो तो बहुतेक शेवटच्या तासात. पत्ते संपत आलेत, आउटब्रेकचा आकडा सहा-सातवर, आठवा झाला की संपलं, अशा वेळी सगळेच एकदम बोलायला लागतात. तेव्हा आम्ही फक्त तिसरा नियम घट्ट धरतो, पाळीवाला आधी, बाकी थोडं सैल सोडतो. सगळंच घट्ट धरायला गेलात तर गेमपेक्षा नियमांवरच जास्त बोलणं होतं.

दुसरं म्हणजे तोंड बंद पण चेहरा चालू. सुस्कारा, कपाळाला हात, खुर्चीत मागे रेलणं, हे "जा, काढ" पेक्षा जास्त बोलतं. आणि डाव फसल्यावर "मी सांगणारच होतो" हे तर सगळ्यात वाईट, त्या एका वाक्याने पुढच्या तीन पाळ्या तो माणूस पुन्हा परवानगी मागायला लागतो. आमच्याकडे ठरलंय, चुकलेल्या चालीवर गेम संपेपर्यंत अवाक्षर नाही, संपल्यावर पाहिजे तर चहा घेत अर्धा तास बोला. दादा खरंच अर्धा तास बोलतो आणि गंमत म्हणजे तेव्हा वहिनीही वाद घालते.

आणि नवीन माणूस असेल तर हे नियम जसेच्या तसे लावू नका, त्याला बिचाऱ्याला काय करता येतं हेच माहीत नसतं. पहिल्या फेरीत त्याला काय काय करता येईल ते सगळं सांगा, जाता येईल, क्यूब काढता येईल, पत्ता देता येईल, पण त्यातलं कुठलं चांगलं ते सांगू नका. दुसऱ्या फेरीपासून तो सगळ्यांसारखाच.

गेमच बदलावा कधी

दोन-तीन शनिवार मनापासून करून बघा आणि पुन्हा एकदा कागदावर खुणा करा. तरीही निम्म्याहून जास्त चाली एकाच तोंडातून येत असतील तर पँडेमिक काही दिवस बाजूला ठेवा आणि असा गेम घ्या ज्यात ही जागाच बुजवलेली आहे. हनाबीमध्ये तुम्हाला स्वतःचे पत्ते दिसतच नाहीत, बाकीच्यांचे दिसतात, आणि इशारे मोजून द्यायचे असतात, त्यामुळे कोणालाच सगळं दिसत नाही. द क्रू हा हात करायचा पत्त्यांचा गेम आहे, ज्यांना मेंढीकोट येतो त्यांना दहा मिनिटांत जमतो, आणि त्यात एका डावात प्रत्येकाला एकदाच, तेही एका पत्त्याबद्दलच, खूण करता येते. मॅजिक मेझमध्ये वाळूचं घड्याळ चालू असतं आणि बहुतेक वेळ बोलायचंच नाही, पण त्यात समोरच्यापुढे आपटायची एक लाल सोंगटी असते, "अरे काहीतरी कर" अशा अर्थाची, ती कोणाच्या हातात सारखी जाते त्यावर लक्ष ठेवा. स्पिरिट आयलंड अगदी उलट बाजूने जातो, प्रत्येकाचं स्वतःचं इतकं असतं की दुसऱ्याच्यात डोकं घालायला फुरसतच मिळत नाही, पण तो जड आहे, आमच्या भाच्याला चालला, वहिनीला कंटाळवाणा वाटला.

आमच्याकडे आता एक शनिवार द क्रू आणि एक शनिवार पँडेमिक असं चालतं. मागच्या वेळी दादा सायंटिस्ट होता, वहिनी डिस्पॅचर, आणि त्याची सोंगटी हलवायच्या आधी तिने त्याला विचारलं, "नेऊ का रे तुला टोकियोला?" तो थोडा विचार करून म्हणाला, "नको, सोलला ने," आणि मग दोघं त्यावर चांगली पाच मिनिटं भांडत बसले.